टक्केबिंदू आणि शेकडा बदल

टक्केबिंदू हे दोन टक्केवारींमधील सरळ फरक सांगण्याचे एकक आहे. शेकडा बदल म्हणजे एखादी राशी तिच्या मूळ किमतीच्या तुलनेत शेकडा कितीने वाढली वा घटली, याचे माप. मोजावयाची राशी रुपये, किलो किंवा माणसे असेल तर या दोहोंत गोंधळ होत नाही, कारण फरक रुपयांत येतो आणि शेकडा बदल टक्क्यांत. राशी स्वतःच टक्क्यांत असेल, म्हणजे व्याजदर, महागाईचा दर, बेरोजगारीचा दर किंवा मतदानाचे प्रमाण असेल, तर मात्र फरकही टक्क्यांत लिहिला जातो आणि शेकडा बदलही. व्याजदर ५.५ टक्क्यांवरून ६.६ टक्के झाला, तर तो १.१ टक्केबिंदूंनी वाढला आणि त्याच वेळी २० टक्क्यांनीही वाढला. दोन्ही विधाने खरी आहेत. वृत्तपत्रातील दरांच्या कोष्टकात यांपैकी कोणते माप दिले आहे हे स्तंभाच्या मथळ्यावरून किंवा तळटीपेवरून कळते. कोष्टकाचे छायाचित्र काढून पुढे पाठवताना बहुधा नेमका हाच भाग कापला जातो.

## मराठीतील वापर

मराठी वृत्तपत्रांत 'टक्केबिंदू' हा शब्द क्वचितच आढळतो. 'व्याजदरात पाव टक्का कपात', 'रेपो दर अर्ध्या टक्क्याने वाढला' अशी रचना रूढ आहे आणि तीत पाव किंवा अर्धा टक्का म्हणजे टक्केबिंदूच अभिप्रेत असतो. पाव, अर्धा, पाऊण यांसारख्या अपूर्णांकांबरोबर हा संकेत इतका पक्का आहे की सहसा कोणी चुकत नाही. अडचण दशांश चिन्हाने लिहिलेल्या आकड्यांत येते. 'दर १.१ टक्क्यांनी वाढला' या वाक्याचा व्याकरणाच्या दृष्टीने काटेकोर अर्थ 'आधीच्या दराच्या १.१ टक्के इतकी वाढ' असा होऊ शकतो, परंतु लिहिणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा टक्केबिंदू असतात. 'मतदानाचा टक्का वाढला' या प्रयोगात तर 'टक्का' हा शब्द एकक राहत नाही, तो प्रमाणाचा वाचक होतो.

प्रत्ययांमुळेही अर्थ बदलतो. 'सात टक्क्यांनी' म्हणजे वाढीचे माप, 'सात टक्क्यांवर' म्हणजे पोहोचलेला दर आणि 'सात टक्क्यांपर्यंत' म्हणजे अनेक वाढींपैकी सर्वांत मोठी वाढ किंवा दराची कमाल मर्यादा. मथळ्याला जागा कमी असते, त्यामुळे यांतील एखादा प्रत्यय गळतो आणि वाचक उरलेल्या आकड्याला स्वतःच अर्थ लावतो.

बँकिंग व्यवहारात संदिग्धता टाळण्यासाठी आधारबिंदू, म्हणजेच बेसिस पॉइंट, हे एकक वापरतात. एका टक्केबिंदूचे शंभर आधारबिंदू होतात. त्यामुळे '२५ आधारबिंदू' म्हणजे ०.२५ टक्केबिंदू, याचा दुसरा अर्थ संभवत नाही.

## गणन

टक्केबिंदूंतील बदल काढण्यासाठी नव्या दरातून जुना दर वजा करतात:

नवा दर − जुना दर = टक्केबिंदूंतील बदल

शेकडा बदल काढण्यासाठी हाच फरक जुन्या दराने भागून शंभराने गुणतात:

(नवा दर − जुना दर) ÷ जुना दर × १०० = शेकडा बदल

दुसऱ्या सूत्रात भाजक जुना दर असतो. पहिल्या सूत्रात भाजकच नाही, आणि दोहोंच्या स्वभावातील सगळे अंतर येथूनच निर्माण होते.

## उदाहरण: अल्पबचत योजनांचे दर, जानेवारी–मार्च २०२३

टपाल कार्यालयातील अल्पबचत योजनांचे व्याजदर केंद्रीय अर्थ मंत्रालय दर तिमाहीला अधिसूचित करते आणि त्यांचे कोष्टक वृत्तपत्रांत छापून येते. ३० डिसेंबर २०२२ रोजी जाहीर झालेल्या दरांपैकी काही खाली दिले आहेत. शेवटचे दोन स्तंभ वरील सूत्रांनी काढले आहेत.

| योजना | जुना दर (%) | नवा दर (%) | फरक (टक्केबिंदू) | शेकडा बदल |
|---|---|---|---|---|
| १ वर्षाची मुदत ठेव | ५.५ | ६.६ | १.१ | २०.० |
| २ वर्षांची मुदत ठेव | ५.७ | ६.८ | १.१ | १९.३ |
| ३ वर्षांची मुदत ठेव | ५.८ | ६.९ | १.१ | १९.० |
| ५ वर्षांची मुदत ठेव | ६.७ | ७.० | ०.३ | ४.५ |
| ज्येष्ठ नागरिक बचत योजना | ७.६ | ८.० | ०.४ | ५.३ |
| राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र | ६.८ | ७.० | ०.२ | २.९ |
| सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी | ७.१ | ७.१ | ० | ० |

या वाढीचे वर्णन '१.१ टक्क्यांपर्यंत वाढ' असे करता येते आणि ते योग्यच आहे. पण हे एकच वाक्य तीन तऱ्हांनी चुकीचे वाचले जाऊ शकते. एक म्हणजे 'पर्यंत' हा शब्द दुर्लक्षून सर्वच योजनांचे दर १.१ ने वाढले असे समजणे. वास्तविक सात ओळींपैकी तीन ओळींतच तेवढी वाढ आहे आणि भविष्य निर्वाह निधीत ती मुळीच नाही. दुसरी चूक म्हणजे १.१ टक्के हा शेकडा बदल मानणे. तसे मानल्यास एक वर्षाच्या ठेवीचा नवा दर ५.५ × १.०११, म्हणजे सुमारे ५.५६ टक्के येतो. सरळव्याजाने पाहिले तर एक लाख रुपयांवर वर्षाला जेमतेम ६० रुपये अधिक मिळतील असा समज होतो, जेव्हा खरा फरक १,१०० रुपयांचा आहे. तिसरी चूक उलट दिशेची आहे. 'व्याजदरात २० टक्के वाढ' असे वाचून दर ५.५ अधिक २०, म्हणजे २५.५ टक्के झाला असे समजणे.

ही तिसरी चूक टपाल खात्याच्या ठेवीबाबत टिकत नाही, कारण असा व्याजदर कोणालाच खरा वाटणार नाही. परंतु ज्या राशी शून्य ते शंभर यांच्यामध्ये कोठेही असू शकतात, उदाहरणार्थ मतदानाचे किंवा उत्तीर्णांचे प्रमाण, तेथे ती सहज खपून जाते. ५० टक्के मतदान '२० टक्क्यांनी वाढले' म्हणजे ६० टक्के झाले की ७० टक्के, हे आकड्याकडे पाहून ठरवता येत नाही. दोन्ही उत्तरे तितकीच संभवनीय दिसतात.

## रुपयांत होणारा परिणाम

२० टक्के आणि १.१ टक्केबिंदू यांपैकी ठेवीदाराच्या दृष्टीने अर्थपूर्ण आकडा कोणता, हे कशाशी तुलना करावयाची यावर अवलंबून असते.

एक वर्षाच्या टपाल मुदत ठेवीवर व्याजाची आकारणी तिमाही चक्रवाढीने होते आणि व्याज वर्षाअखेरीस दिले जाते. एक लाख रुपयांवर ५.५ टक्के दराने ५,६१४ रुपये व्याज होते, ६.६ टक्के दराने ६,७६५ रुपये. फरक १,१५१ रुपयांचा आहे. तो जुन्या व्याजाच्या सुमारे २०.५ टक्के भरतो, म्हणजे व्याजाच्या उत्पन्नाकडे पाहणाऱ्याला '२० टक्के वाढ' हे वर्णन जवळपास अचूक आहे. (वरचा अर्धा टक्का चक्रवाढीमुळे येतो.) मात्र मुदतपूर्तीला हाती येणारी एकूण रक्कम १,०५,६१४ रुपयांऐवजी १,०६,७६५ रुपये होते आणि ही वाढ फक्त १.०९ टक्के आहे. टक्केबिंदूंचा आकडा या दुसऱ्या मापाच्या जवळ जातो. कारण एका वर्षाच्या ठेवीत व्याजदरातील एक टक्केबिंदू म्हणजे मुद्दलाचा साधारण शंभरावा भाग.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत व्याज दर तिमाहीला हाती पडते, त्यामुळे तेथे शेकडा बदलाचे महत्त्व अधिक ठळकपणे दिसते. त्या वेळी या योजनेतील ठेवीची कमाल मर्यादा १५ लाख रुपये होती. एवढ्या ठेवीवर ७.६ टक्के दराने तिमाहीला २८,५०० रुपये मिळत, ८ टक्के दराने ३०,००० रुपये. '०.४ ची वाढ' हा आकडा नगण्य वाटतो, पण त्या व्याजावर घरखर्च चालवणाऱ्याच्या उत्पन्नात ती ५.२६ टक्के वाढ आहे. उलट, वाढीचा आकडा योजनेत आधीपासून पैसे असलेल्याला लागू होईलच असे नाही. ज्येष्ठ नागरिक योजनेत आणि मुदत ठेवीत पैसे भरताना जो दर असेल तोच मुदत संपेपर्यंत कायम राहतो, म्हणून नोव्हेंबर २०२२ मध्ये ठेव ठेवणाऱ्याला ७.६ टक्केच मिळत राहिले. भविष्य निर्वाह निधीसारख्या योजनेत मात्र बदललेला दर खात्यातील संपूर्ण शिलकीला लागू होतो. कोष्टकातील एकाच स्तंभात शेजारी शेजारी बसलेल्या आकड्यांमागे असे वेगवेगळे नियम असतात आणि कोष्टकावरून ते कळत नाहीत.

## छायाचित्रातील कोष्टक वाचताना

छापील कोष्टकाच्या छायाचित्रात सर्वांत वरची ओळ, म्हणजे स्तंभांची नावे, आणि सर्वांत खालची तळटीप कडेला असल्यामुळे प्रथम कापल्या जातात. उरते ती 'बदल' असे शीर्षक असलेली किंवा बिनशीर्षकाची आकड्यांची रांग. अशा वेळी एकक ओळखण्याची खात्रीची रीत म्हणजे जिचे तिन्ही आकडे स्पष्ट आहेत अशी एखादी ओळ घेऊन गणित करून पाहणे. नव्या दरातून जुना दर वजा केल्यावर बदलाच्या स्तंभातील आकडा आला तर स्तंभ टक्केबिंदूंचा आहे. त्या आकड्याच्या शंभरपट संख्या छापलेली असेल, म्हणजे १.१ ऐवजी ११०, तर एकक आधारबिंदू आहे. फरकाला जुन्या दराने भागल्यावर आकडा जुळला तर तो शेकडा बदल होय. या चाचणीसाठी भविष्य निर्वाह निधीची ओळ निरुपयोगी आहे, कारण शून्य हे प्रत्येक एककात शून्यच असते.

वरील पडताळणीत कधी कधी चौथे उत्तर निघते. एक वर्षाच्या ठेवीपुढे २० ऐवजी १६.७ छापलेले असेल, तर कोष्टक करणाऱ्याने फरकाला जुन्या दराऐवजी नव्या दराने भागले आहे (१.१ ÷ ६.६). संगणकावरील तक्त्यात स्तंभांची अदलाबदल झाली की ही चूक होते, आणि ती एका ओळीत असली तर बहुधा सर्व ओळींत असते.

जुन्या आणि नव्या दरांचे स्तंभच छायाचित्रात आले नसतील, तरी बदलाच्या स्तंभावरून काही अंदाज करता येतो. एक, दोन आणि तीन वर्षांच्या ठेवींचे जुने दर वेगवेगळे होते. तरीही तिन्हींपुढे १.१ हाच आकडा असेल, तर तो टक्केबिंदूंतील असण्याची शक्यता फार मोठी आहे, कारण दर निश्चित करणारे प्रशासन पूर्ण दशांशांत वाढ देते. शेकडा बदलाच्या स्तंभात तेथे २०.०, १९.३, १९.० असे उतरते आणि विषम आकडे दिसतात. हा अंदाज आहे, पुरावा नव्हे.

दोन्ही मापे वेगवेगळ्या ठिकाणी मिळाली, उदाहरणार्थ कोष्टकात १.१ आणि बातमीच्या मजकुरात २० टक्के, तर त्यांवरून हरवलेला जुना दर काढता येतो: १.१ ÷ ०.२० = ५.५. मात्र छोट्या फरकांच्या बाबतीत पूर्णांकन आड येते. राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रासाठी ०.२ ÷ ०.०२९ केल्यास ६.९ येतो, खरा जुना दर ६.८ आहे.

अस्पष्ट छपाईत दशांश चिन्ह नाहीसे होऊन ०.४ चा आकडा '०४' किंवा नुसता '४' दिसणे, तसेच १ आणि ९ यांसारखे अंक एकमेकांसारखे वाटणे, हे दोषही वरच्याच रीतीने पकडता येतात. ५.५ आणि ६.६ स्पष्ट असतील तर त्यांच्यामधला अस्पष्ट आकडा १.९ असू शकत नाही. उणे चिन्हाचे तसे नाही. काही वृत्तपत्रे घट दाखवण्यासाठी चिन्हाऐवजी लाल रंग किंवा खाली रोखलेला बाण वापरतात, आणि कृष्णधवल प्रतीत रंग उरत नाही. तेथे दोन्ही दर दिसणे आवश्यक ठरते.

एक गोष्ट मात्र गणिताने मुळीच कळत नाही. तुलना कोणत्या काळाशी केली आहे, ही ती गोष्ट. तीन वर्षांच्या ठेवीचा दर ऑक्टोबर–डिसेंबर २०२२ मध्ये ५.८ टक्के होता, पण त्याआधीच्या तिमाहीत ५.५ टक्के होता. जानेवारी २०२३ च्या ६.९ टक्क्यांची तुलना पहिल्याशी केली तर वाढ १.१ टक्केबिंदू (१९ टक्के), आणि दुसऱ्याशी केली तर १.४ टक्केबिंदू (२५.५ टक्के) येते. दोन्ही कोष्टके आतून सुसंगत असतील. फरक फक्त कापल्या गेलेल्या शीर्षकात असेल.

## घट आणि भरपाई

३१ मार्च २०२१ रोजी अर्थ मंत्रालयाने एप्रिल–जून २०२१ या तिमाहीसाठी अल्पबचतीचे दर मोठ्या प्रमाणावर कमी केल्याचे जाहीर केले. एक वर्षाच्या मुदत ठेवीचा दर ५.५ वरून ४.४ टक्के आणि बचत खात्याचा ४ वरून ३.५ टक्के होणार होता. दुसऱ्याच दिवशी सकाळी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी हा आदेश नजरचुकीने निघाल्याचे सांगून तो मागे घेतला आणि जुने दर कायम राहिले.

या अल्पजीवी कोष्टकातील पहिली ओळ दोन मापांमधील आणखी एक भेद दाखवते. ५.५ वरून ४.४ ही १.१ टक्केबिंदूंची घट २० टक्के भरते. ४.४ वरून पुन्हा ५.५ वर जाण्यासाठी १.१ टक्केबिंदूंचीच वाढ लागते, पण ती २५ टक्के होते, कारण आता भाजक ४.४ आहे. टक्केबिंदूंत घट आणि भरपाई सममित असतात, शेकडा बदलात नसतात. त्यामुळे '२० टक्क्यांनी घटलेला दर नंतर २० टक्क्यांनी वाढला' याचा अर्थ तो पूर्वपदावर आला असा होत नाही. ४.४ च्या २० टक्के वाढीने दर ५.२८ पर्यंतच पोहोचतो.

## अनेक टप्प्यांतील बदलांची बेरीज

हाच गुणधर्म एकापाठोपाठ होणाऱ्या वाढींतही आढळतो. भारतीय रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर सहा टप्प्यांत ४.०० वरून ६.५० टक्के केला. टप्पे अनुक्रमे ०.४०, ०.५०, ०.५०, ०.५०, ०.३५ आणि ०.२५ टक्केबिंदूंचे होते आणि त्यांची बेरीज बरोबर २.५० होते. प्रत्येक टप्प्यावरील शेकडा वाढ काढली तर ती १०, ११.३६, १०.२०, ९.२६, ५.९३ आणि ४ टक्के येते. यांची बेरीज ५०.७५ आहे, पण ४.०० वरून ६.५० ही एकूण वाढ ६२.५ टक्के आहे. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यांत वाढ सारखीच, अर्ध्या टक्क्याची असूनही शेकडा आकडा घटत गेला, कारण प्रत्येक वेळी भाजक मोठा होत गेला. शेकडा बदल एकत्र करावयाचे असल्यास त्यांची बेरीज न करता १.१०, १.११३६ अशा गुणकांचा गुणाकार करावा लागतो.

## मर्यादा

अत्यल्प दरांच्या बाबतीत शेकडा बदल फार मोठा दिसतो. ०.२ टक्क्यांवरून ०.४ टक्के झालेला दर १०० टक्क्यांनी वाढला हे खरे असले, तरी वाढ हजारामागे दोनची असते. जुना दर शून्य असेल तर शेकडा बदल काढताच येत नाही. तो ऋण असेल, जसे घाऊक महागाईच्या दराबाबत काही महिन्यांत घडते, तर येणाऱ्या उत्तराला अर्थ राहत नाही. अशा ठिकाणी टक्केबिंदूंचाच वापर करतात.

अल्पबचतीचे दर सरकारने ठरवून दिलेले असल्याने ५.५ म्हणजे नेमके ५.५ असते. पाहणीवरून काढलेले दर मात्र पूर्णांकित केलेले असतात. समजा, एखाद्या कोष्टकात बेरोजगारीचा दर ३.१ वरून ३.२ टक्के झाल्याचे दिसते. पूर्णांकनापूर्वी जुना दर ३.०५ ते ३.१५ आणि नवा ३.१५ ते ३.२५ यांच्यामध्ये कोठेही असू शकतो. म्हणजे खरा फरक जवळजवळ शून्यापासून ०.२ टक्केबिंदूंपर्यंत आणि शेकडा बदल शून्यापासून सुमारे ६.६ टक्क्यांपर्यंत काहीही असू शकतो. कोष्टकात तो ३.२३ टक्के असा दोन दशांश स्थळांपर्यंत छापला असेल, तर त्यातील एकही अंक भरवशाचा नाही.